वापरलेले अणुइंधन : ३०० वर्षे की १ लाख वर्षे?

विनय_पालघर
मी पालघर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. तारापूर जवळ असल्यामुळे अर्धायुष्याचा धडा आला की वर्गात अणुकचऱ्याचा विषय हमखास निघतो. गेल्या आठवड्यात एका मुलीने विचारले, "सर, हा कचरा नुसता ठेवला तरी आपोआप निवळत जातो ना? मग तो तसाच ठेवून वाट का पाहत नाहीत?" सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे आहे आणि दहा अर्धायुष्यांत कोणताही पदार्थ हजारावा भाग उरतो, म्हणून ३०० वर्षे पुरतात, असे उत्तर मी दिले आणि फळ्यावर तशी आकडेमोडही करून दाखवली.

घरी येऊन थोडे वाचल्यावर मात्र मी अस्वस्थ झालो. त्याच इंधनाला मूळ युरेनियमच्या खनिजाच्या पातळीवर यायला १ लाख वर्षांहून अधिक काळ लागतो असेही तितक्याच ठामपणे लिहिलेले आढळले. दोन्ही आकडे एकाच पदार्थाचे कसे असू शकतात? साठवणुकीच्या काळात त्या इंधनात नेमके काय बदलत जाते, आणि सोमवारी वर्गात जाऊन मी कोणता आकडा दुरुस्त करावा, हे येथील जाणकारांनी कृपया सांगावे.

प्राजक्ता_नाशिक
सर, दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण ते इंधनाच्या दोन वेगळ्या भागांचे आहेत. युरेनियमचे केंद्रक फुटून जे तुकडे होतात, त्यांत सीझियम आणि स्ट्रॉन्शियम येतात आणि ते ३०० वर्षांत संपतात. जे केंद्रक न फुटता न्यूट्रॉन गिळते, ते प्लुटोनियम, अमेरिशियम अशा जड मूलद्रव्यांत बदलते आणि लाखाचा आकडा त्यांचा आहे. मला एम.एस्सी.ला शिकताना सर्वांत नवल याचे वाटले की तुकड्यांच्या यादीत मधली पायरीच नाही. जवळपास ९० वर्षे अर्धायुष्य असलेल्या समॅरियम-१५१ नंतर पुढचा तुकडा थेट २ लाख वर्षांच्या टेक्नेशियम-९९ पाशी भेटतो.

तरीही लाख वर्षांच्या भागाची एवढी चिंता करण्याचे कारण मला पटत नाही. अर्धायुष्य जितके मोठे, तितका पदार्थ मंद. आमच्या प्रयोगशाळेत युरेनियमच्या क्षाराची बाटली साध्या कपाटात असते, कारण युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य साडेचार अब्ज वर्षांचे आहे. मग २४ हजार वर्षांच्या प्लुटोनियमला इतके का घाबरायचे?

भाऊ_सातपाटी
मी विज्ञानाचा माणूस नाही, पण आमचा धंदा समुद्राचा आहे म्हणून विचारतो. हे जे ३०० आणि १ लाख वर्षांचे बोलणे चालले आहे, ते केंद्रातून समुद्रात सोडतात त्या गरम पाण्याबद्दल आहे का? त्या पाण्यामुळे किनाऱ्याजवळची मासळी लांब गेली असे आमच्याकडचे जुने लोक म्हणतात.

विनय_पालघर
भाऊ, ते पाणी वेगळे. वाफ थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेतात आणि तेच कोमट होऊन परत जाते. मासळीचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्यासाठी स्वतंत्र धागा काढू या. येथे बोलणे चालले आहे ते भट्टीतून बाहेर काढून पाण्याच्या हौदात बुडवून ठेवलेल्या इंधनाच्या नळ्यांबद्दल.

जुना_किरणमापक
मी किरणोत्सर्ग-सुरक्षेच्या कामात ३१ वर्षे काढली. नोकरीचे ठिकाण सांगत नाही, पण ज्या पदार्थांबद्दल लिहितो ते हाताळणाऱ्यांच्या शेजारी मापक घेऊन उभा राहिलो आहे.

प्राजक्ता, तुमचे पहिले वाक्य बरोबर आहे, पण निष्कर्ष फसवा आहे. एका ग्रॅममध्ये दर सेकंदाला किती केंद्रके मोडतात ते पाहा. युरेनियम-२३८ मध्ये सुमारे साडेबारा हजार. प्लुटोनियम-२३९ मध्ये सुमारे २३० कोटी, म्हणजे तुमच्या बाटलीतल्या युरेनियमच्या जवळपास २ लाख पट. अमेरिशियम-२४१ मध्ये सुमारे १२,७०० कोटी आणि सीझियम-१३७ मध्ये सुमारे ३.२ लाख कोटी. प्लुटोनियम सीझियमपेक्षा मंद आहे हे खरे, पण म्हणून ते युरेनियमच्या पंगतीत बसत नाही. त्यातून हे जड पदार्थ अल्फा कण सोडतात. अल्फा कण कागदानेही अडतो, म्हणून तो बाहेर निरुपद्रवी ठरतो, पण पोटात किंवा छातीत गेल्यावर शेजारच्या पेशींवर सगळी ऊर्जा ओततो. गिळलेल्या एकेका बेकरेलचा, म्हणजे सेकंदाला मोडणाऱ्या एकेका केंद्रकाचा, हिशेब केला तर अमेरिशियम-२४१ सीझियम-१३७ च्या १५ पट मात्रा देते.

आता विनय सरांचा प्रश्न. एक टन युरेनियमचे इंधन घ्या, समृद्ध युरेनियमच्या साध्या पाण्याच्या भट्टीत ३३ हजार मेगावॅट-दिवस जळलेले. बाहेर निघते तेव्हा त्यात सुमारे साडेनऊशे किलो युरेनियम, ३५ किलोच्या आसपास तुकडे आणि ९ ते १० किलो प्लुटोनियम असते. त्या ३५ किलोंतले बहुतेक तुकडे लवकरच स्थिर होतात. त्रास देणारे सीझियम-१३७ सव्वा किलोच्या आत आणि स्ट्रॉन्शियम-९० सुमारे अर्धा किलो. प्लुटोनियममध्ये साडेपाच किलो २३९, सव्वादोन किलो २४० आणि सव्वा किलोच्या आसपास २४१ आहे. या शेवटच्या समस्थानिकाकडे लक्ष ठेवा.

बाहेर काढलेल्या दिवशी त्या सीझियम आणि स्ट्रॉन्शियमचे मिळून, गिळण्याच्या दृष्टीने, जे विष आहे त्याला १०० गुण देऊ. त्याच मापाने, हे टनभर इंधन बनवायला जे ६-७ टन नैसर्गिक युरेनियम खाणीतून काढले, त्याच्या खनिजाचे त्यातल्या रेडियमसारख्या वंशजांसह गुण ०.१५ च्या आसपास येतात. ३०० वर्षांनी सीझियम-स्ट्रॉन्शियमचे गुण ०.१ उरतात, म्हणजे ते खनिजाच्या खाली गेले. तुमची फळ्यावरची आकडेमोड इथपर्यंत अचूक आहे. पण त्याच दिवशी, त्याच नळीत अमेरिशियम-२४१ चे १५ गुण आहेत आणि प्लुटोनियम २३९ व २४० यांचे मिळून ६. पुढे अमेरिशियमही ओसरते आणि २,००० वर्षांनी ते १ गुणावर येते. प्लुटोनियम मात्र तेव्हाही ५ वर असते. त्यातले २४० आधी जाते. २३९ चे अडीच गुणांच्या आत भरणारे विष ०.१५ वर यायला चार अर्धायुष्ये लागतात, म्हणजे सुमारे १ लाख वर्षे. तुम्ही वाचलेले दोन्ही आकडे एकाच तक्त्यातून असे निघतात.

अनिरुद्ध_ठाणे
उत्तम हिशेब. यावरून एकच गोष्ट ठरते की प्लुटोनियम काढून घ्यावे. आपल्या देशात इंधनाची पुनर्प्रक्रिया करतात, प्लुटोनियम पुढच्या भट्ट्यांसाठी वेगळे होते आणि उरलेला कचरा काचेत वितळवून बंद करतात. म्हणजे आपल्या काचेला विनय सरांचा ३०० वर्षांचा आकडा तंतोतंत लागू होतो. सरांनी वर्गात काहीही दुरुस्त करण्याची गरज नाही.

प्राजक्ता_नाशिक
ग्रॅमचा हिशेब पटला, माझी तुलनाच चुकीच्या पदार्थाशी होती. पण काका, एक समजले नाही. प्लुटोनियम ९-१० किलो होते असे तुम्ही लिहिले, अमेरिशियमचा मात्र वजनात उल्लेखच नाही. मग ३०० वर्षांनी सर्वांत जास्त गुण त्याचे कसे?

जुना_किरणमापक
प्राजक्ता, नेमका प्रश्न विचारलात. भट्टीतून निघताना अमेरिशियम-२४१ जेमतेम काही डझन ग्रॅम असते. ते साठवणुकीत तयार होते. प्लुटोनियम-२४१ चे अर्धायुष्य १४ वर्षांचे आहे आणि ते मोडले की अमेरिशियम-२४१ होते, ज्याचे अर्धायुष्य ४३२ वर्षांचे. आई लवकर जाते आणि लेक दीर्घायुषी असते, त्यामुळे लेकीची संख्या आधी वाढते आणि बऱ्याच काळाने घटू लागते. दोन्ही अर्धायुष्ये समीकरणात घातली की शिखर सुमारे ७३ व्या वर्षी येते. तोवर सव्वा किलोच्या आसपासच्या प्लुटोनियम-२४१ मधून किलोभर अमेरिशियम झालेले असते. वरच्या मापाने त्याचे २० गुण होतात, आणि त्याच सुमारास सीझियम-स्ट्रॉन्शियम १०० वरून उतरत १९-२० वर आलेले असतात. म्हणजे सत्तरीच्या आसपास धोक्याची सूत्रे तुकड्यांच्या हातून जड मूलद्रव्यांच्या हाती जातात. प्लुटोनियम-२३८ आणि क्युरियम-२४४ मी सोपेपणासाठी सोडले आहेत. ते धरले तर ही अदलाबदल सत्तरीच्या आधीच होते.

कामावर पाहिलेले एक उदाहरण देतो. हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत प्लुटोनियमच्या भुकटीचे काम चालते. एका पेटीत भुकटीचा एक जुना डबा काही वर्षे तसाच पडून होता. वजन तेच, पेटी तीच, माणसे तीच, पण बोटातल्या अंगठीच्या मापकाचे आकडे दर तिमाहीला चढत होते. प्रथम सगळ्यांना गळतीची शंका आली. पुसणीचे नमुने घेतले, हवेचे गाळणकागद मोजले, दोन्ही स्वच्छ निघाले. मग वर्णपट घेतला आणि ५९.५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टवर अमेरिशियमचा सुळका स्पष्ट उभा दिसला. डब्यातून काहीही बाहेर आले नव्हते, आतल्या आत लेक वयात आली होती. त्यानंतर शिशाचा थर असलेले हातमोजे आणि शिशाची काच आली, आणि भुकटी किती जुनी आहे हे डब्यावर ठळक लिहिण्याची पद्धत पडली.

सुलभा_रक्तपेढी
मी एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे रक्ताच्या पिशव्यांवर किरणांचा मारा करणारे यंत्र आहे आणि त्यात सीझियम-१३७ च्या काचेच्या कांड्या आहेत. हे सीझियम तुर्भ्याला अशाच कचऱ्यातून वेगळे काढतात असे आम्हांला प्रशिक्षणात सांगितले होते. आमच्या कामात अर्धायुष्य कॅलेंडरसारखे वापरावे लागते. रक्तघटकाला २५ ग्रेची मात्रा मिळाली पाहिजे आणि स्रोत दरवर्षी सुमारे २.३ टक्क्यांनी क्षीण होतो, म्हणून पिशवी आत ठेवण्याचा काळ दरवर्षी वाढवावा लागतो. नव्या स्रोताला ६ मिनिटे लागत असतील, तर दहाव्या वर्षी साडेसात मिनिटे लागतात.

मी आधी जिथे काम करत होते तिथे भिंतीवरचा तक्ता दोन वर्षे कोणी बदललाच नव्हता. पिशवीवरची खूणपट्टी रंग बदलत होती, म्हणून कोणाला शंका आली नाही. वार्षिक तपासणीत मात्रा कमी पडत असल्याचे निघाले तेव्हा मला फार वाईट वाटले, कारण ते रक्त अगदी अशक्त रुग्णांना जाते.

माझा प्रश्न असा की आमच्या कांड्यांतही हे अमेरिशियम वाढत असेल का? ते यंत्र रोज मी उघडते.

जुना_किरणमापक
सुलभाताई, नाही. तुमच्या कांडीत सीझियम रासायनिक पद्धतीने वेगळे करून घातलेले असते आणि सीझियम मोडून बेरियम होते, जे लगेच स्थिरावते. अमेरिशियम वाढायला आधी प्लुटोनियम-२४१ लागते आणि ते कांडीत नसते. तुमचा स्रोत म्हणजे विनय सरांच्या ३०० वर्षांच्या गणिताचे शुद्ध उदाहरण आहे. तक्त्याबद्दल तुम्ही जे लिहिले ते मात्र या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावे.

अनिरुद्ध, आता तुमच्या काचेकडे येतो. नेहमीच्या पद्धतीत इंधन आम्लात विरघळवतात आणि युरेनियम व प्लुटोनियम तेवढे सेंद्रिय द्रावणात ओढून घेतात. अमेरिशियम आणि क्युरियम मागेच राहतात, तुकड्यांसोबत, आणि त्यांच्यासह काचेत जातात. म्हणून काच ३०० वर्षांची ठरत नाही. आणि येथेच साठवणुकीचा काळ आडवा येतो. इंधन ५ वर्षांनी विरघळवले तर प्लुटोनियम-२४१ चा सुमारे पाचवा भाग मोडलेला असतो, म्हणजे टनामागे पाव किलो अमेरिशियम काचेत जाते. तेच इंधन ४० वर्षे हौदात ठेवून मग विरघळवले तर ८५ टक्क्यांहून अधिक प्लुटोनियम-२४१ मोडलेले असते आणि किलोभर अमेरिशियम काचेत जाते, म्हणजे चौपट. लवकर प्रक्रिया केलेल्या काचेतही ३०० व्या वर्षी अमेरिशियमचे ३ गुण उरतात. ते खनिजाच्या वीसपट आहेत आणि खाली यायला आणखी दीड-दोन हजार वर्षे घेतात. क्युरियम आणि अमेरिशियम-२४३ धरले तर त्याहूनही अधिक.

अनिरुद्ध_ठाणे
हे मला माहीत नव्हते, मान्य करतो. पण मग उलट असे म्हणता येईल की लवकर प्रक्रिया करावी, म्हणजे अमेरिशियम काचेत फारसे जाणार नाही. शिवाय आपल्या बहुतेक भट्ट्या नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालतात. त्यांतले इंधन ७ हजार मेगावॅट-दिवसांच्या आसपासच जळते, म्हणून त्यात प्लुटोनियम-२४१ फारच थोडे असते. तुमचे उदाहरण आपल्याला कितपत लागू आहे?

जुना_किरणमापक
जड पाण्याच्या भट्टीबद्दल तुम्ही बरोबर आहात. त्या इंधनात टनामागे अमेरिशियम बरेच कमी होते. तारापूरचे १९६९ चे पहिले दोन संच समृद्ध युरेनियमचे आहेत, माझे उदाहरण त्या जातीच्या इंधनाला जवळचे.

लवकर प्रक्रियेबद्दल मात्र एक अट आहे. अमेरिशियम काचेत गेले नाही, तर ते वेगळे काढलेल्या प्लुटोनियमच्या डब्यात वाढते, जसे त्या पेटीतल्या भुकटीत वाढले. ते प्लुटोनियम पुढच्या चार-पाच वर्षांत भट्टीत गेले तर उत्तम. ते कोठीत वीस वर्षे पडून राहिले तर हातांना अधिक मात्रा, आणि कधीकधी अमेरिशियम काढण्यासाठी पुन्हा एकदा रसायनशाळेची वारी. म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो की थांबल्याने अमेरिशियम टळत नाही, ते कुठे सापडेल एवढेच ठरते.

मंदार_राउमा
मी फिनलंडमध्ये राहतो आणि येथून जवळच ओल्किलुओतो बेटावर ओंकालो नावाचे कायमच्या साठवणुकीचे भुयार आहे. मी त्या प्रकल्पात काम करत नाही, पण अभ्यागत केंद्रात अनेकदा गेलो आहे आणि हा विषय येथे शाळेतही बोलला जातो. येथे पुनर्प्रक्रिया करत नाहीत. इंधन काही दशके पाण्यात थंड करून, बिडाचा गाभा असलेल्या तांब्याच्या नळकांड्यात घालून, ४०० मीटरहून खोल ग्रॅनाइटमध्ये बेंटोनाइट मातीने वेढून ठेवण्याची योजना आहे.

जुन्या किरणमापकांच्या हिशेबाबद्दल मला आदरपूर्वक एक हरकत नोंदवायची आहे. तो हिशेब इंधन गिळले असे धरून केला आहे. पण ४०० मीटर खोलवरचे इंधन कोणी गिळत नाही. ते माणसापर्यंत पोहोचायचे तर आधी पाण्यात विरघळले पाहिजे आणि मग खडकाच्या भेगांतून वर आले पाहिजे. खोल पाण्यात प्राणवायू नसतो. तिथे युरेनियम ऑक्साइड जवळजवळ विरघळत नाही आणि प्लुटोनियम, अमेरिशियम मातीला आणि खडकाला चिकटून बसतात. सहज प्रवास करतो तो आयोडीन-१२९, अर्धायुष्य दीड कोटीहून अधिक वर्षांचे, म्हणजे अगदी मंद आणि विषाच्या तक्त्यात नगण्य. तरीही अशा भुयारांच्या सुरक्षितता-अभ्यासांत वर पोहोचणाऱ्या मात्रेत त्याचे नाव पुन्हा पुन्हा येते, आणि तो तर तुकड्यांच्या बाजूचा आहे. म्हणजे "तुकडे ३०० वर्षांत संपतात" हे वाक्यही अपुरे आहे.

याला निसर्गातला पुरावाही आहे. आफ्रिकेत गॅबॉनमधल्या ओक्लो येथील युरेनियमच्या खाणीत सुमारे २ अब्ज वर्षांपूर्वी आपोआप साखळी प्रक्रिया चालली होती, हे १९७२ मध्ये उघडकीस आले. तिथे तयार झालेले प्लुटोनियम मोडून संपेपर्यंत जागेवरच राहिले, तर वायुरूप तुकडे, आयोडीन आणि बराचसा सीझियम निघून गेला.

जुना_किरणमापक
मंदार, हरकत योग्य आहे आणि मी ती मान्य करतो. तक्त्यातले विष म्हणजे तिजोरीतली रक्कम, आणि भुयारातून वर येणारी मात्रा म्हणजे बाजारात आलेली रक्कम. दोन्ही वेगळ्या आहेत. पण अमेरिशियमला भुयाराच्या हिशेबातून पूर्ण वगळता येत नाही, कारण ते उष्णता देते.

त्याच एका टनाचे पाहा. सीझियम, स्ट्रॉन्शियम आणि त्यांच्या अल्पायुषी वंशजांची उष्णता सुरुवातीला सुमारे १,००० वॅट असते आणि १०० वर्षांनी ९५ वॅटवर येते. अमेरिशियम-२४१ किलोमागे ११४ वॅट देते, म्हणजे १०० व्या वर्षी सुमारे १२० वॅट. तिथून पुढे तुकड्यांची उष्णता झपाट्याने संपते, पण ३०० व्या वर्षीही अमेरिशियमचे ८५-९० वॅट शिल्लक असतात. तुमच्या बेंटोनाइटला साधारण १०० अंशांच्या वर जाऊ द्यायचे नसते. पहिली काही दशके थांबल्याने नळकांडी जवळजवळ ठेवता येतात, पण त्यानंतर थांबण्याचा फायदा आटत जातो.

प्राजक्ता_नाशिक
मग अमेरिशियमच वेगळे काढून भट्टीत जाळून का टाकत नाहीत? फ्रान्समध्ये १९९१ च्या कायद्याने यावर संशोधन सुरू झाले असे वाचले आहे.

जुना_किरणमापक
वेगळे काढणे प्रयोगशाळेत जमले आहे. अडचण पुढे आहे. अमेरिशियम आणि क्युरियम रासायनिकदृष्ट्या जुळ्या भावांसारखे आहेत, आणि क्युरियम-२४४ न्यूट्रॉन सोडत असल्यामुळे त्याच्यासोबत हातमोज्यांच्या पेटीत काम करता येत नाही. जाड भिंतीमागून यांत्रिक हातांनी इंधनाच्या गोळ्या बनवाव्या लागतात. क्युरियमचे अर्धायुष्य १८ वर्षांचे आहे, म्हणून ते शतकभर वेगळे ठेवून प्लुटोनियम-२४० होऊ द्यावे, असाही एक विचार आहे. शिवाय वेगवान न्यूट्रॉनच्या भट्टीतही एका फेरीत सगळे जळत नाही. माझे वैयक्तिक मत असे की उष्णतेसाठी तरी हे करावे.

मंदार_राउमा
माझे मत उलट आहे. जो पदार्थ खडकात हलतच नाही, त्याला बाहेर काढून आजच्या कामगारांना मात्रा देणे मला योग्य वाटत नाही. भुयार थोडे मोठे खोदावे.

अनिरुद्ध_ठाणे
मंदार, भुयार मोठे खोदायला तुमच्याकडे ग्रॅनाइट आणि लोकांची संमती दोन्ही आहेत. आणि एक मुद्दा राहिला. सीझियमच्या गॅमा किरणांमुळे ताज्या इंधनाजवळ कोणी फिरकू शकत नाही. १०० वर्षांनी तो पहारा दहाव्या भागावर येतो, प्लुटोनियम-२३९ मात्र जवळजवळ तेवढेच राहते. म्हणजे चोराच्या दृष्टीने इंधन जुने झाल्यावर अधिक सोपे होते. न काढलेले प्लुटोनियम पुरून ठेवताना हे लक्षात घ्यायला हवे.

मंदार_राउमा
हा मुद्दा मला खोडता येत नाही. ४०० मीटर खणणे लपून होत नाही एवढेच म्हणू शकतो.

सुलभा_रक्तपेढी
उत्तराबद्दल आभारी आहे. काल ड्यूटीवर गेल्यावर प्रथम आमचा तक्ता पाहिला. या वर्षीची तारीख आणि सही दोन्ही होत्या.

विनय_पालघर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज वर्गात ३०० हा आकडा मी पुसला नाही. त्याच्या शेजारी दुसरी रेघ काढली. सीझियम-स्ट्रॉन्शियमची रेघ सरळ उतरते आणि अमेरिशियमची आधी चढते, सत्तरीच्या आसपास दोन्ही एकमेकींना छेदतात, आणि खाली खनिजाची आडवी रेघ. त्याच मुलीने विचारले, "सर, तारापूरच्या हौदात आत्ता कुठली रेघ वर आहे?" जुने इंधन प्रत्येक वर्षी थोडे थोडे बाहेर निघत गेले असल्यामुळे हौदात सगळ्या वयांच्या नळ्या असणार, असे मी म्हणालो. मग तिने विचारले की एखादी नळी किती जुनी आहे हे नोंदवही न पाहता बाहेरून ओळखता येते का. याचे उत्तर मला देता आले नाही.

जुना_किरणमापक
येते. सीझियम-१३७ सोबत सीझियम-१३४ ही असतो, त्याचे अर्धायुष्य २ वर्षांचे. पाण्याखाली नळीसमोर मापक धरून ६६२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा सुळका १३७ चा आणि ६०५ व ७९६ चे सुळके १३४ चे मोजतात. दोघांचे गुणोत्तर वर्षागणिक घसरते. इंधन किती जळले हे ठाऊक असेल तर त्यावरून वय निघते. मात्र वीसेक वर्षांनंतर १३४ चे सुळके हजारपट खचतात आणि ही रीत कुचकामी होते. अमेरिशियमचा ५९.५ चा सुळका तेव्हा उपयोगी पडेल असे वाटते, पण इतके मंद किरण गोळीच्या आतून आणि नळीच्या आवरणातून बाहेर येताना बहुतेक गिळले जातात, आणि जे येतात ते सीझियमच्या गोंगाटात बुडतात. तिला सांगा की जुन्या नळीसाठी नोंदवहीच जपावी लागते.